टिकट टू राइड: सहा डब्यांचे मार्ग हातात येतात, तरी लांब तिकीट का तुटतं?

टिकट टू राइड या रेल्वेमार्ग बांधण्याच्या बैठ्या खेळात, मूळ अमेरिकेच्या पटावर मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागलेली चूक एकच आहे. आधी माझ्या स्वतःच्या खेळातली, मग सोबत खेळणाऱ्यांच्या खेळातली. 20 गुणांच्या आसपासचं लांब तिकीट घेतलेलं असतं, त्यावरचे लांब मार्ग मिळालेलेही असतात, आणि तरी शेवटी तिकीट अपुरं राहतं. लेखात ‘तिकीट’ म्हणजे दोन शहरं जोडायचं काम, ते जमलं तर त्याचे गुण मिळतात आणि अपुरं राहिलं तर वजा होतात. ‘टप्पा’ म्हणजे दोन शेजारच्या शहरांमधला एक मार्ग, तो जितक्या डब्यांचा तितके त्याच्या रंगाचे पत्ते टाकून घ्यायचा, आणि ‘पाळी’ म्हणजे एका खेळाडूची एक चाल.

लक्षणं

- डाव संपताना हातात एकाच रंगाचे पाच-सहा पत्ते पडून आहेत आणि ते लावायची जागा गेलेली आहे.
- तिकीट तुटलं ते सहा डब्यांच्या टप्प्यावर नाही, एक किंवा दोन डब्यांच्या टप्प्यावर.
- वळसा घेता येत होता, पण त्यासाठी डबे किंवा पाळ्या पुरल्या नाहीत.
- लावलेल्या टप्प्यांचे गुण चांगले, तरी तिकिटाच्या वजाबाकीनंतर तुम्ही मागे.

यातली दोन लक्षणं सलग दोन-तीन डावांत दिसली तर नशिबाला दोष देऊ नका. टप्पे घेण्याचा क्रम चुकतो आहे. खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघड अशा लावल्या आहेत. पहिल्या दोन डाव सुरू होण्याआधीच होतात.

पहिली तपासणी: पत्ते आणि दुहेरी मार्गांचा नियम

गड्डी मोजा. आठ रंगांचे प्रत्येकी 12 आणि कुठल्याही रंगाच्या जागी चालणाऱ्या इंजिनाचे 14, मिळून 110 पत्ते हवेत. एखाद्या रंगाचे तीन पत्ते पेटीत खाली अडकलेले असले, तर त्या रंगाचा सहाचा टप्पा तुम्ही कितीही डोकं लावलं तरी वेळेत भरणार नाही.

मग दुहेरी मार्गांचा नियम सगळ्यांना सारखाच माहीत आहे ना, ते विचारा. दोघं किंवा तिघं खेळत असतील तर दुहेरी मार्गाची एक बाजू कोणी घेतली की दुसरी बंद. चौघं-पाचजण असतील तरच दोन्ही बाजू उघड्या राहतात, आणि तेव्हाही एका खेळाडूला दोन्ही घेता येत नाहीत. हे आधी बघायचं कारण साधं आहे. तिघांच्या डावात डॅलस–ह्यूस्टन हा एका डब्याचा दुहेरी टप्पा एका पत्त्यात कायमचा बंद होतो. ‘दुसरी बाजू आहेच की’ असं धरून आखलेला वळसा तिथेच संपतो.

दुसरी तपासणी: प्रत्येक टप्प्याचा वळसा मोजा

या लेखाचा गाभा ही तपासणी आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

तिकीट हातात आल्यावर बहुतेकजण मार्ग शोधतात आणि त्यातला सर्वांत लांब टप्पा आधी घ्यायला निघतात. कारण समजण्यासारखं आहे. सहा डब्यांना 15 गुण मिळतात, पाचला 10, चारला 7, तीनला 4, दोनला 2 आणि एकाला 1. शिवाय लांब टप्पा भरायला वेळ लागतो, म्हणून आधी सुरुवात करावी असं वाटतं. पण तिकीट वाचवण्याच्या दृष्टीनं टप्प्याची लांबी हा प्रश्नच नाही. प्रश्न दोन आहेत. हा टप्पा दुसऱ्यानं घेतला तर मला किती जादा डबे आणि किती जादा पाळ्या लागतील? आणि तो घेणं दुसऱ्याला किती सोपं आहे?

लॉस एंजेलिस–मायामी हे 20 गुणांचं तिकीट घेऊ, कारण त्यात हा दोष अगदी उघडा दिसतो. स्वाभाविक मार्ग असा: लॉस एंजेलिस–एल पासो सहा काळे, एल पासो–ह्यूस्टन सहा हिरवे, ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स दोन राखाडी, न्यू ऑर्लिन्स–मायामी सहा लाल. एकूण 20 डबे. तीन सहाचे टप्पे आणि मधे एक दोनाचा.

आता एकेक टप्पा गेला असं समजा.

काळा सहा गेला तर लॉस एंजेलिस–फिनिक्स तीन आणि फिनिक्स–एल पासो तीन. डबे तेवढेच, सहा. दोन्ही टप्पे राखाडी, म्हणजे कुठलाही एक रंग चालतो. नुकसान एका जादा पाळीचं आणि गुणांचं: 15 ऐवजी 4 अधिक 4.

हिरवा सहा गेला तर एल पासो–डॅलस चार लाल आणि डॅलस–ह्यूस्टन एक. पाचच डबे, एक कमीच. पण दोन अडचणी आहेत. लाल पत्ते तुम्हाला मायामीसाठी हवे आहेत, आणि डॅलस–ह्यूस्टनवर गर्दी असते. ह्यूस्टनची तीन तिकिटं, कॅन्सस सिटीहून 5 गुणांचं, डुलुथहून 8 चं आणि विनिपेगहून 12 चं, सगळी सर्वांत जवळच्या वाटेनं डॅलसवरूनच ह्यूस्टनला उतरतात.

लाल सहा गेला तर न्यू ऑर्लिन्स–अटलांटा चार पिवळे किंवा नारिंगी आणि अटलांटा–मायामी पाच निळे. नऊ डबे, म्हणजे तीन जादा, आणि ते सगळे ठरावीक रंगांचे.

आणि तो दोनाचा टप्पा? त्याचं उत्तर तुम्ही आधी काय लावलं आहे यावर ठरतं. काहीच लावलेलं नसेल तर एल पासोहून डॅलस, लिटल रॉक, नॅशव्हिल, अटलांटा असं मायामीला जाता येतं. लॉस एंजेलिसपासून 21 डबे, म्हणजे फारसं बिघडत नाही. पण हिरवा आणि लाल सहा लावून झाले असतील तर तुमची दोन टोकं ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्सला बांधली गेली. आता दोन डब्यांच्या जागी ह्यूस्टन–डॅलस एक, डॅलस–लिटल रॉक दोन, लिटल रॉक–न्यू ऑर्लिन्स तीन हिरवे, असे सहा डबे आणि एकाऐवजी तीन पाळ्या. हिरवे तर तुम्ही नुकतेच खर्च केलेत. डॅलस–ह्यूस्टनही बंद असेल तर ह्यूस्टनला तिसरी वाटच नाही. ते शहर फक्त एल पासो, डॅलस आणि न्यू ऑर्लिन्सला जोडलेलं आहे.

म्हणजे लांब टप्पा आधी लावल्यानं छोट्या टप्प्याचा धोका वाढतो. तुम्ही बांधले जाता, आणि पटावर दोन लांब रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. मधली फट कुठे आहे हे समोरच्याला वेगळं सांगावं लागत नाही. ती फट बुजवायला त्याला कुठल्याही रंगाचे दोन पत्ते पुरतात.

म्हणून या तिकिटाचा माझा क्रम असा: आधी ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स, मग लाल सहा, मग हिरवा, आणि काळा सर्वांत शेवटी. तीन सहांमध्ये लाल आधी, कारण त्याचाच वळसा डब्यांत महाग आहे. काळा शेवटी, कारण तो गेला तर एकही डबा जादा लागत नाही.

कोणी म्हणेल, दोनाचा टप्पा पहिल्याच पाळीला घेतला तर बेत उघडा पडतो. मला तसा अनुभव नाही. दक्षिणेतल्या दोन डब्यांवरून कोणालाही तुमचं तिकीट ओळखता येत नाही. उलट्या क्रमानं गेलात तर मात्र ते सहज ओळखता येतं.

तिसरी तपासणी: कुठला रंग कोण साठवतंय

या पटावर सहा डब्यांचे नऊ टप्पे आहेत. त्यांतले आठ रंगीत, आणि प्रत्येक रंगाचा सहाचा टप्पा नेमका एक. पिवळा सिअ‍ॅटल–हेलेना, निळा पोर्टलंड–सॉल्ट लेक सिटी, पांढरा कॅलगरी–विनिपेग, नारिंगी हेलेना–डुलुथ, जांभळा डुलुथ–टोरंटो, आणि काळा, हिरवा, लाल वर आलेच. नववा राखाडी, विनिपेग–सू सेंट मरी.

याचा उपयोग मोठा आहे. समोरचा खेळाडू उघड्या पाच पत्त्यांतून लाल उचलतो, पुढच्या पाळीला पुन्हा लाल उचलतो आणि पटावर लाल काहीच लावत नाही, तर त्याचा डोळा न्यू ऑर्लिन्स–मायामीवर किंवा हेलेना–ओमाहाच्या पाच लाल डब्यांवर आहे. त्याच्या उघड्या उचललेल्या लालांची मोजणी डोक्यात ठेवा. ती चारवर गेली आणि तुमच्या हातात इंजिनं धरून पाच असतील, तर पुढच्या पत्त्यासाठी उघडं इंजिन घ्यायलाही कचरू नका. एरवी उघडं इंजिन घेतलं की त्या पाळीत दुसरा पत्ता मिळत नाही, म्हणून ते महाग पडतं. इथे ते स्वस्त आहे.

दुसरी बाजूही बघा. कोणी नुकतेच हेलेना–ओमाहावर पाच लाल लावले असतील, तर 12 पैकी पाच टाकलेल्या पत्त्यांत गेले. गड्डी पुन्हा पिसली जाईपर्यंत उरले सात, आणि ते सगळे तुमच्याकडे येणार नाहीत. अशा वेळी लालची वाट बघत बसण्यापेक्षा हिरवा आधी घ्यावा. क्रम हा कोरलेला नसतो, पत्त्यांप्रमाणे हलतो.

राखाडी सहाला ही खूण लागू पडत नाही. तो कुठल्याही रंगानं भरता येतो, त्यामुळे कोण तयारीत आहे ते कळतच नाही आणि 15 गुणांसाठी तो अचानक जातो. अडवणुकीचा धोका तिथे सर्वांत जास्त. म्हणून व्हँकुव्हर–माँट्रियल हे 20 गुणांचं तिकीट असलेले खेळाडू घाबरून तोच आधी घेतात. पण वळसा मोजा: विनिपेग–डुलुथ चार काळे आणि डुलुथ–सू सेंट मरी तीन, म्हणजे सातच. एकच डबा जादा. त्याच तिकिटात व्हँकुव्हरमधून बाहेर पडायला फक्त दोन दिशा आहेत, कॅलगरी आणि सिअ‍ॅटल, आणि सिअ‍ॅटलची दिशा तिघांच्या डावात एका पत्त्यानं बंद होते. तिथे मी आधी व्हँकुव्हर–कॅलगरीचे तीन डबे लावतो. धोका आणि नुकसान हे दोन्ही एकत्र मोजायचे असतात, एकट्या धोक्याच्या मागे लागलं की हा घोटाळा होतो.

तोच डाव दोनदा

वर सांगितलेलं लॉस एंजेलिस–मायामी तिकीट मला तिघांच्या डावात एकदा आलं तेव्हा सोबत डेन्व्हर–एल पासो हे 4 गुणांचं छोटं तिकीट ठेवलं होतं. उघड्या पत्त्यांत काळे दिसत होते, म्हणून काळा सहा आधी लावला. मग हिरवा. 30 गुण झाले होते आणि हातात पाच लाल होते. तेवढ्यात शेजारच्यानं दोन जादा पत्ते टाकून ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स घेतला.

मी तेव्हा थांबून मोजायला हवं होतं. राहिलेलं काम असं होतं: एक लाल, डॅलसला एक, लिटल रॉकला दोन, आणि तीन हिरवे, म्हणजे सात पत्ते. ते पाळीला दोन असे उचलायला कमीत कमी चार पाळ्या आणि चार टप्पे लावायला चार, एकूण आठ. समोरच्याकडे 11 डबे उरले होते. कोणाकडेही दोन किंवा त्याहून कमी डबे राहिले की सगळ्यांना शेवटची एकेक पाळी मिळते, म्हणजे त्याला नऊच डबे लावायचे होते आणि पत्ते त्याच्या हातात भरपूर होते. आठ पाळ्या मला मिळणं शक्य नव्हतं. मी न मोजता डॅलसच्या मागे लागलो. डाव संपला तेव्हा पाच लाल हातातच होते आणि 20 गुण वजा झाले.

पुढे कधीतरी तेच तिकीट पुन्हा आलं, पुन्हा तिघंच. सुरुवातीच्या चार पत्त्यांत दोन पांढरे, एक लाल, एक इंजिन. पांढरे माझ्या वाटेवर कुठेच लागत नव्हते, म्हणून पहिल्याच पाळीला तेच टाकून ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स घेतला. राखाडी टप्प्यावर नको असलेला रंग खर्च करायचा, हवा असलेला कधीच नाही. मग लाल साठवले, अजून चार लागत होते, मायामी गाठली. हिरव्यांच्या मागे असताना एकानं लॉस एंजेलिस–एल पासो 15 गुणांसाठी उचलला. मला वाईट वाटलं, पण आकडा माहीत होता. हिरवा पूर्ण केला, आणि दरम्यान हातात साठलेल्या तीन निळ्या आणि तीन नारिंगी पत्त्यांनी फिनिक्सवरून दोन टप्पे लावले.

हिशेब: 2, 15, 15, 4 आणि 4 मिळून 40, आणि तिकिटाचे 20. डबे तेवढेच 20 लागले. काळा सहा गेल्यामुळे सात गुण कमी मिळाले, बस. आधीच्या डावात याच वाटेवर 30 उणे 20, म्हणजे 10 गुण हाती आले होते.

चौथी तपासणी: पाळ्या पुरतील का?

ही तपासणी डावाच्या मध्यावर करायची आणि ती सर्वांत अवघड, कारण मन ऐकत नाही. राहिलेले पत्ते भागिले दोन, अधिक राहिलेले टप्पे, एवढ्या पाळ्या तुम्हाला लागतील. हे कमीत कमी. रंग ठरावीक असेल तर मी त्यात दोन पाळ्या वाढवून धरतो. समोर सर्वांत कमी डबे कोणाकडे आहेत ते बघा. त्याच्याकडे 14 डबे असतील तर दोन सहाचे टप्पे लावले की त्याच्याकडे दोनच उरतात आणि शेवट सुरू होतो. हे प्रत्येक टप्पा लावल्यावर पुन्हा मोजा, डावात एकदाच नाही. या तपासणीमुळेच कळतं की लांब टप्प्यासाठी आणखी एक पाळी थांबणं परवडेल की आत्ताच इंजिनं ओतून तो घ्यावा.

कुठे थांबायचं, आणि कोणाला बोलवायचं

लागणाऱ्या पाळ्या मिळू शकणाऱ्या पाळ्यांपेक्षा जास्त निघाल्या, तर ते तिकीट सोडून द्या. 20 गुण वजा होणार हे धरा आणि हातातला साठा जिथे जास्तीत जास्त गुण देईल तिथे लावा. हातात सहा लाल असतील आणि न्यू ऑर्लिन्स–मायामी मोकळा असेल, तर तिकीट मेलेलं असलं तरी त्याचे 15 गुण जिवंत आहेत. तिकीट वाचवण्यासाठी या वेळी नवीन तिकिटं मात्र काढू नका. तीनातलं एक तरी ठेवावंच लागतं आणि दुसरी वजाबाकी गळ्यात पडते.

गड्डीत पत्ते कमी निघाले तर जुळवाजुळव करत बसू नका. ज्या रंगाचे कमी आहेत त्यावर प्रत्येक डावात अन्याय होत राहील. प्रकाशकाकडे सुटे पत्ते मागा.

आणि चारही तपासण्या प्रामाणिकपणे करून सलग पाच-सहा डावांत लांब तिकीट तुटतच असेल, तर स्वतःच स्वतःचं निदान करणं थांबवा. स्पर्धांमध्ये खेळणारा किंवा हा पट शेकड्यांनी खेळलेला माणूस शोधा आणि त्याला एक पूर्ण डाव तुमच्या मागे बसवा. त्याला खेळायला लावू नका, बोलायलाही लावू नका. प्रत्येक पाळीला तुम्ही कुठला पत्ता उचलला आणि का, एवढं कागदावर टिपून ठेवा आणि डाव संपल्यावर तो कागद त्याच्यापुढे ठेवा. माझ्या बाबतीत त्यानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं होतं: ‘काळा उघडा दिसला म्हणून घेतला.’